दोन वाडगे आणि एक वजनकाटा

आमच्या घरी रोज सकाळी आठ वाजता टेबलावर स्टीलचे दोन वाडगे मांडले जातात. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेली ही जोडी आहे. आकार तोच, काठही तोच. एक माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, आणि दुसरा सासूबाईंचा, माईंचा. अण्णांचे वय ८१, माईंचे ७७. गेल्या दिवाळीपर्यंत दोघांनाही पोहे, उपमा किंवा भाकरी-दूध असे काहीतरी पारंपरिक न्याहारीला असे. दिवाळीत माझी मुलगी घरी आली आणि येताना फळे व सुकामेवा घातलेल्या मुसलीचे मोठे पाकीट घेऊन आली. आजोबांना मधुमेह आहे, त्यांनी तळलेले, फोडणीचे सोडून हे खावे, असा तिचा हेतू. माईंना मात्र कवळीमुळे मुसली चावत नव्हती, त्यातले बेदाणे कवळीखाली अडकत आणि कोरडे काप गिळताना त्यांना ठसका लागे. म्हणून त्यांच्यासाठी मी दुधात ओट्स शिजवू लागले. दोघांचीही न्याहारी ‘आरोग्यदायी’ झाली, या समाधानात चार महिने गेले.

चैत्रात दोघांचीही नेहमीची तपासणी झाली, तेव्हा हे समाधान टिकले नाही. अण्णांच्या रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा ७.४ वरून ८.३ वर गेला होता. माईंचे वजन सहा महिन्यांत ४६ किलोवरून ४२ किलोवर आले होते. वृद्ध माणसाचे वजन सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक, तेही प्रयत्न न करता, घटले तर ती वयाची खूण समजून सोडून देऊ नये, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले आणि माईंच्या आवश्यक त्या सर्व तपासण्या करून घेतल्या. त्यांत काही निघाले नाही. मग त्यांनी मला विचारले, “न्याहारीला काय देता?”

“अण्णांना वाडगाभर मुसली, माईंना वाडगाभर दुधातले ओट्स,” मी उत्साहाने सांगितले.

“वाडगाभर म्हणजे किती ग्रॅम?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांजवळही ते नसेल. म्हणून पुढचा सारा हिशेब मी आपल्यासमोर मांडते आहे.

घरी येऊन मी प्रथम दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली आणि मागचे तक्ते वाचले. स्थूल पोषकद्रव्ये तीन: प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ. हल्ली मुले त्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात. तक्त्यात दोन स्तंभ असतात, एक ‘प्रति १०० ग्रॅम’ आणि दुसरा ‘प्रति वाढप’. वाढपाचा आकडा उत्पादक आपल्या सोयीने ठरवतो, कुठे ३० ग्रॅम, कुठे ४०. म्हणून तुलना करताना केवळ १०० ग्रॅमचा स्तंभ पाहावा. आमच्या ओट्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने, ६७ ग्रॅम कर्बोदके आणि ७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ होते. मुसलीत ३९० किलोकॅलरी, ९ ग्रॅम प्रथिने, ७५ ग्रॅम कर्बोदके आणि ६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. कर्बोदकांच्या खाली आणखी एक ओळ होती: एकूण शर्करा २२ ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली १२ ग्रॅम. ओट्सच्या पाकिटावर वरून घातलेली साखर शून्य होती. आपल्या हातातील पाकिटावरचे आकडे थोडे निराळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

आता दोन्ही पदार्थ समान वजनाने घेऊन पाहू. ४० ग्रॅम ओट्स आणि २०० मिलिलिटर टोन्ड दूध, म्हणजे ३ टक्के स्निग्धांशाचे दूध. या दुधातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने, ९ ग्रॅम कर्बोदके, ६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ११८ किलोकॅलरी मिळतात. ओट्स मिळवले की वाडग्यात २७० किलोकॅलरी, सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, ३६ ग्रॅम कर्बोदके आणि ९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ होतात. तेवढ्याच दुधात ४० ग्रॅम मुसली घातली, तर २७४ किलोकॅलरी, १० ग्रॅम प्रथिने, ३९ ग्रॅम कर्बोदके आणि ८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ.

हे आकडे कागदावर उतरल्यावर मी काही वेळ पाहतच राहिले. मुसली चांगली की ओट्स, या प्रश्नावर आमच्या घरात चार महिने चर्चा झडत होती आणि समान वजनाला दोन्ही वाडगे जवळजवळ जुळे निघाले होते. फरक होता तो मुख्यतः वरून घातलेल्या साखरेचा, जवळजवळ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. शिवाय दोन्ही वाडग्यांत अर्ध्याहून अधिक प्रथिने दुधातून आली होती. आपण धान्याची निवड करण्यात वेळ घालवतो आणि दूध किती पडले, याकडे पाहत नाही.

मग अण्णांची साखर वाढली कशाने आणि माईंचे वजन घटले कशाने? डॉक्टरांचा प्रश्न होता तो खऱ्या वाडग्याविषयी. कागदावरच्या ४० ग्रॅमने त्याचे उत्तर मिळणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातील लहान डिजिटल वजनकाटा बाहेर काढला. रिकामा वाडगा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि अण्णांना म्हटले, “रोज घेता तशीच मुसली घ्या, आकड्याकडे पाहू नका.” त्यांनी पाकीट तिरके केले. काटा ९० ग्रॅमवर थांबला. वर मापाच्या भांड्याने दूध ओतले. वाडगा काठोकाठ भरायला १५० मिलिलिटरच पुरले.

याचा हिशेब असा होतो: ४४० किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके तब्बल ७५ ग्रॅम. वरून घातलेली साखर जवळजवळ ११ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. अण्णांनी बारा वर्षांपूर्वी चहातली साखर सोडली. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. पण सोडलेले ते दोन चमचे रोज सकाळी वाडग्यातून परत येत होते. मुसलीतले गव्हाचे-मक्याचे पोहे वजनाला हलके, म्हणून वाडगा भरल्याशिवाय माणसाला खाल्ल्यासारखे वाटत नाही. पाकिटावरची ४० ग्रॅमची वाढप त्याच वाडग्यात ओतून पाहिली, तर अर्धा वाडगाही भरला नाही. अण्णा म्हणाले, “ही काय चिमणीची न्याहारी?”

नंतर माईंचा वाडगा. हा मीच बनवत असे, त्यामुळे दोषही माझाच. रोजच्या सवयीने चार मोठे चमचे ओट्स पातेल्यात घातले. ते २५ ग्रॅम भरले. ‘घट्ट झाले तर त्यांना जात नाही’ म्हणून १०० मिलिलिटर दूध आणि १५० मिलिलिटर पाणी. शिजून तयार झालेली खीर २४० ग्रॅम भरली. वाडगा भरलेला, वर वाफ, पाहणाऱ्याला पोटभर न्याहारी वाटावी असा. माईंनी खाऊन झाल्यावर उरलेले परत काट्यावर ठेवले: ८० ग्रॅम. म्हणजे एक तृतीयांश उरले होते.

येथे मी एक चूक केली. ती आपल्याकडून होऊ नये म्हणून सांगते. शिजलेल्या २४० ग्रॅमला मी पाकिटावरचे आकडे लावले आणि ओट्सच्याच ९०० हून अधिक किलोकॅलरी आल्या. मुलीला फोनवर सांगितले, तर ती हसली. “आई, पाकिटावरचे आकडे कोरड्या ओट्सचे आहेत. वाडग्यात बहुतेक पाणी आहे.” तिचे बरोबर होते. ओट्स शिजताना कित्येक पट पाणी धरतात आणि पाण्याला वजन असले तरी त्यातून पोषण मिळत नाही. म्हणून धान्य कोरडे असतानाच तोलावे, दूध कच्चे असतानाच मोजावे. आटताना पाणी उडते, प्रथिने आणि कर्बोदके पातेल्यातच राहतात. शिजल्यावरचे वजन केवळ एका कामासाठी वापरावे: एकूण किती झाले, उरले किती, यावरून खाल्लेला वाटा काढण्यासाठी.

योग्य हिशेब असा: २५ ग्रॅम ओट्स आणि १०० मिलिलिटर दूध यांत मिळून १५४ किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने. माईंनी त्यातले दोन तृतीयांश खाल्ले, म्हणजे सुमारे १०३ किलोकॅलरी आणि जेमतेम ४ ग्रॅम प्रथिने. एकाच आकाराच्या दोन वाडग्यांत एकाच्या पोटात ४४० गेल्या आणि दुसऱ्याच्या १०३. ज्यांना आवर हवा होता त्यांना चौपट मिळत होते आणि ज्यांना भर हवी होती त्यांना पाणी.

प्रथिनांचे प्रमाण येथे विशेष महत्त्वाचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वार्धक्यात स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून वृद्धांच्या आहाराचे अनेक तज्ज्ञ हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅमपर्यंत असावे, असे मानतात. ४२ किलोच्या माईंना म्हणजे दिवसाला ४२ ते ५० ग्रॅम लागतात. त्यांचे दुपारचे जेवण दीड पोळीचे, रात्रीचा मऊ भात. सकाळी ४ ग्रॅमवर भागवले, तर उरलेले दिवसभरात भरून निघणे कठीण. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी मात्र हे गणित निराळे असते. त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

ओट्सचा आणखी एक गुण मला या निमित्ताने उमगला. त्यातील विद्राव्य तंतू शिजताना बुळबुळीत, दाट होतात आणि अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते. मधुमेह्यासाठी हे हिताचे, कारण साखर रक्तात हळूहळू उतरते. पण ज्यांची भूकच मंदावली आहे, त्यांचे पोट त्याच गुणामुळे लवकर भरते. माईंच्या पोटात जागाच थोडी होती. ती मी पाण्याने भरत होते.

आता दुरुस्ती. माईंच्या खिरीतले पाणी पूर्ण बंद केले. ३० ग्रॅम ओट्स २०० मिलिलिटर सायीच्या दुधात, म्हणजे ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधात, मंद आचेवर सहा-सात मिनिटे ढवळत शिजवते. खाली उतरवण्यापूर्वी थोड्या कोमट दुधात कालवलेली १० ग्रॅम स्निग्धांशरहित दुधाची भुकटी मिसळते. कोरडी टाकली तर गुठळ्या होतात. सायीचे दूध देण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती. माईंना मधुमेह नाही, म्हणून चवीपुरता गूळ आणि वेलदोड्याची पूड. गूळ सोडून या खिरीत सुमारे ३२५ किलोकॅलरी, १४ ग्रॅम प्रथिने, ३५ ग्रॅम कर्बोदके आणि १४ ग्रॅम स्निग्ध पदार्थ होतात. ती एका बैठकीत संपत नाही, हे मी गृहीत धरले आहे. अर्धी आठ वाजता लहान वाटीतून, उरलेली लगेच फ्रिजमध्ये आणि साडेदहाला पुन्हा गरम करून. लहान वाटी रिकामी करणे त्यांना जमते. मोठा वाडगा पाहिला की त्या आधीच हात आखडत असत.

अण्णांचा प्रश्न अधिक नाजूक होता, कारण त्यांना मुसली आवडू लागली होती. मुसलीचा जन्म कसा झाला, हे वाचल्यावर मला वाट सापडली. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर यांनी सुमारे १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी हा पदार्थ रूढ केला, तेव्हा त्यात भिजवलेले ओट्स मोठा चमचाभरच असत. मुख्य पदार्थ होता किसलेले ताजे सफरचंद. धान्याचे पोहे आणि गोडवा यांनी वाडगा भरण्याची पद्धत नंतरची. मी तोच क्रम धरला. २५ ग्रॅम ओट्स २०० मिलिलिटर टोन्ड दुधात शिजवायचे आणि वर १५ ग्रॅम मुसली, म्हणजे दोन मोठे चमचे, कुरकुरीतपणासाठी पेरायची. यात २७२ किलोकॅलरी, ११ ग्रॅम प्रथिने, ९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ३७ ग्रॅम कर्बोदके. वरून घातलेली साखर २ ग्रॅमच्या आत. वाडगा पूर्वीइतकाच भरलेला दिसतो, कारण ओट्स फुगतात. जे फुगणे माईंना नडत होते, तेच अण्णांच्या कामी आले. सफरचंदाच्या चार फोडी घातल्या, तर त्यांची कर्बोदके हिशेबात धरते.

पण येथे माझ्या हातून दुसरी चूक झाली आणि ती पहिलीपेक्षा गंभीर होती. कर्बोदके ७५ वरून ३७ ग्रॅमवर, म्हणजे एकदम निम्म्यावर, आणली आणि डॉक्टरांना कळवले नाही. अण्णा न्याहारीपूर्वी जी गोळी घेतात, ती शरीराला अधिक इन्शुलिन सोडायला लावते. तिची मात्रा त्या जुन्या, भरगच्च वाडग्याच्या काळात वाढवलेली होती. चौथ्या दिवशी साडेअकराला अण्णा खुर्चीत घामाने भिजलेले दिसले. हात थरथरत होते. बोटावर सुई टोचून पाहिले, तर साखर ६४. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. ९२ झाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुपारी डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि मला शांतपणे म्हणाले, “आहार बदलणे हेही औषध बदलण्यासारखेच आहे. आधी सांगायचे.” आपल्या घरी कुणी अशी गोळी वा इन्शुलिन घेत असेल, तर वाडगा लहान करण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना जुना आणि नवा, दोन्ही हिशेब दाखवा. ‘कमी खाल्ले’ इतके सांगून पुरत नाही. किती ग्रॅम कमी, हे सांगितले तरच त्यांना मात्रा ठरवता येते.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. न्याहारीनंतर दोन तासांनी अण्णांची साखर पूर्वी २३० च्या आसपास असे, आता ती बहुधा १७० ते १८० असते. माईंचे वजन ४३ किलो २०० ग्रॅम झाले आहे. सव्वा किलो म्हणजे फार नाही, पण घसरण थांबली आहे आणि परवा त्या आधाराशिवाय देवघरातल्या पाटावरून उठल्या.

आपणही हा प्रयोग करणार असाल, तर तीन सकाळी पुरेत. पहिल्या दिवशी काहीही न बदलता, सवयीने जसे वाढले जाते तसेच वाढावे आणि केवळ कोरडे धान्य, दूध व उरलेले अन्न मोजून वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करावे, कारण एका दिवसाचा आकडा फसवा असू शकतो. तिसऱ्या दिवशी तोच हिशेब पाकिटावरच्या १०० ग्रॅमच्या स्तंभाशी ताडावा. मुसलीच्या पाकिटावर घटकांची यादीही वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा साखर, मध किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ती मुसली पेरण्यापुरतीच ठेवावी.

वजनकाटा आता आमच्या ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी कायमचा राहतो. तो रोज लागत नाही. महिन्यातून एकदा, हात सैल झाला आहे का, एवढे पाहण्यासाठी मी तो लावते. गेल्या वेळी अण्णांच्या दोन चमचे मुसलीचे २८ ग्रॅम झाले होते. मी काही बोलले नाही, वाडगा त्यांच्यासमोर काट्यावर ठेवला. त्यांनी आकडा वाचला आणि स्वतःच अर्धी मुसली पाकिटात परत ओतली.